क्लेमच्या श्वासाएवढी जागा

ग्वेन हॅलोरनला कुणी विचारलं, की बाई, तू नेमकं काम काय करतेस, तर ती म्हणायची, "लोकांना कंटाळा कधी येणार ते मी आधीच सांगते." फुटस्क्रे या उपनगराच्या बाजारातल्या व्हिएतनामी भाजीवालीलाही तिने एकदा हेच उत्तर दिलं. भाजीवाली म्हणाली, "मग एक दिवस माझ्या नवऱ्याशेजारी बसून बघ," आणि कोथिंबिरीची जुडी वर टाकली. ग्वेन हे आल्यागेल्याला सांगायची. साठी उलटलेली, उंच, हाडकुळी बाई. केस स्वतःच कापायची आणि तेही वाईट कापायची. दुसऱ्याच्या सिनेमाला मात्र अशी कात्री लावायची की ज्याचा सिनेमा तोच चार दिवसांनी येऊन आभार मानायचा. पहिले तीन दिवस तो तिच्याशी बोलत नसे.

काम तसं सांगायला सोपं. कार्टूनचा सिनेमा काढायचा म्हणजे आधी कुणीतरी त्याचे सगळे प्रसंग कागदावर भराभर रेखाटतं. नुसत्या रेघोट्या; कुणाला नाक नाही, कुणाला बोटं नाहीत. ती चित्रं ग्वेन संगणकावर एकापुढे एक मांडायची आणि प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ थांबायचं ते ठरवायची. सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत, म्हणजे एका फ्रेमपर्यंत. खाली कच्चा आवाज, उसनं संगीत, दार आपटल्याचा नाहीतर पाण्यात पडल्याचा आवाज. याला म्हणायचं अॅनिमॅटिक. त्यात काही हलत नाही, चित्रं टुणटुण बदलतात, पण सिनेमाची चाल कळते. घर बांधायच्या आधी जमिनीवर फक्की मारून आखणी करतात, तसं. भिंत इकडची तिकडे करायची ती तेव्हाच. एकदा अॅनिमेशनवाले हलती चित्रं काढायला बसले, की तिथला एक सेकंद कापायचा म्हणजे कुणाची तरी दिवसदिवसाची मेहनत कचऱ्यात.

आणि ती रेखाटणं काढणारा होता तिचा नवरा, क्लेम. जन्मभर हेच चाललं होतं. तो काढायचा, ती वेळ लावायची, आणि मग दोघं भांडायची. जेवणाच्या टेबलावर क्लेम मीठदाणीला माणूस करायचा, मिरीदाणीला कुत्रा, आणि अख्खा प्रसंग करून दाखवायचा.

"इथे कुत्रा थांबतो, ग्वेन. थांबतो... आणि मग बघतो."

"तुझा कुत्रा थांबेस्तोवर माझं जेवण गार होतंय. बघू दे त्याला लगेच."

"म्हातारे, तुला कुत्र्याच्या मनातलं काय कळतं?"

"प्रेक्षकाच्या ढुंगणाचं कळतं मला."

ही ढुंगणाची गोष्ट खरी होती. अॅनिमॅटिक तयार झालं की ग्वेन ते जवळच्या प्राथमिक शाळेत न्यायची. पोरं सतरंजीवर मांडी घालून बसत, दिवे मालवले जात, आणि ग्वेन पडद्याकडे पाठ करून पोरांकडे तोंड करून उभी राहायची. तोंडं खोटं बोलतात, ती म्हणायची. मास्तरीण बघतेय म्हटल्यावर पोर तोंड शहाणं ठेवतं. पण कंटाळलं की खाली चुळबुळ करतंच. कुठल्या चित्राला कितीजण हलले ते ती लक्षात ठेवायची आणि परत येऊन नेमकं तिथेच कापायची. स्टुडिओतली नवी मंडळी या पद्धतीला हसायची. एकदा शाळेत येऊन गेली की हसणं बंद व्हायचं.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या जुन्या दुकानावरचा मजला. मालकीण म्हणा, दिग्दर्शिका म्हणा, लोसा. सामोआच्या आईबापांची मुलगी, इथेच वाढलेली. दांडगी, हसरी, आणि वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची नाही हे घरचं वळण कामावरही न सोडलेली. ग्वेन तिला कितीदा म्हणाली, "आंटी काय आंटी! मी तुझ्याकडे पगारावर आहे."

"बरं आंटी," लोसा म्हणायची.

लोसाने मुलांसाठी छोटा सिनेमा लिहिला होता. बर्ट नावाचा म्हातारा धक्क्यावर मासे धरत बसलेला असतो. शिंक येते, कवळी पाण्यात पडते, आणि ती एक पेलिकन पक्षी पळवतो. पुढे सगळी त्या दातांसाठी मारामारी. क्लेमला ही गोष्ट वाचून इतकं हसू आलं की खोकला थांबेना. तो खोकला पुढे थांबलाच नाही.

क्लेमचे वडील घरं बांधायचे. त्या काळी इकडच्या अर्ध्या घरांच्या भिंती अॅस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या असत. शनिवार-रविवार पोरगा बापाबरोबर जाऊन करवतीने पत्रे कापायचा. पांढरी धूळ केसांत, भुवयांवर. घरी आल्यावर आई हसायची, म्हणायची, पीठवाला आला. ती धूळ क्लेमच्या छातीत सगळा संसार होईपर्यंत गप्प बसली आणि आता उठली. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी फार शब्द खर्च केले नाहीत. या देशात हा आजार समजावून सांगावा लागत नाही.

तरी बर्टची चित्रं त्याने पुरी केली. खुर्चीत उशा लावून, जाड पेन्सिलीने. हात झरझर चालायचा. लोसा घरी येऊन कागद न्यायची आणि जाताना गाडीत बसून रडायची, हे ग्वेनला खिडकीतून दिसायचं.

मग कच्चा आवाज. स्टुडिओत रीत अशी, की खरे नट येईपर्यंत घरच्याच कुणी संवाद म्हणून टाकायचे. कोट टांगायच्या कपाटात माइक लावलेला होता. कोटांमुळे आवाज घुमत नाही. मानधन, चॉकलेटची बिस्किटं. बर्टचा आवाज आपणच देणार म्हणून क्लेम हटून बसला. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी सिलिंडर, आणि चहूबाजूंनी लोकांचे कोट. ग्वेन कानाला हेडफोन लावून बाहेर.

"अरे चोरा..." क्लेम म्हणाला. श्वास. "ते दात माझे आहेत." श्वास. "तुला एवढी चोच दिलीय देवाने..." बराच वेळ श्वास. "दात कशाला हवेत?"

"पुन्हा घ्यायचं का?" ग्वेनने विचारलं.

"पुन्हा घेतलं तर... दात राहतील, मी जाईन," कपाटातून आवाज आला. सगळे हसले. ग्वेनही हसली.

त्या आवाजावर तिने चित्रं बसवली. क्लेम जिथे थांबला तिथे चित्र थांबवलं, तो बोलला तिथे पुढे नेलं. काम करताना सारखा त्याचा आवाज कानात, आणि घरी गेल्यावर तोच माणूस पुढ्यात, तशाच श्वासाचा. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कच्चं अॅनिमॅटिक बघताना स्टुडिओतल्या कुणालाही वाटलं नाही. बर्ट बोलता बोलता थांबे आणि सगळी खोली त्याच्याबरोबर थांबे. पुढचा शब्द येईल ना, म्हणून.

पानगळीच्या दिवसांत क्लेम गेला. लोसाचं अख्खं कुटुंब आलं, चर्चमध्ये त्यांच्या भाषेतली भजनं म्हणाली, आणि शेवयांच्या एवढ्या पराती घेऊन आली की ग्वेनच्या फ्रीजला आठवडाभर दुसरं काही ठाऊक नव्हतं. ग्वेन लोकांसमोर रडली नाही. पुढच्या सोमवारी ती कामावर हजर झाली आणि म्हणाली, "नटाचा आवाज आला का?"

आला होता. फर्गस नावाचा नाटकातला नट, खणखणीत गळ्याचा. बर्टची सगळी वाक्यं त्याने एका दमात फेकली होती, कुठे अडखळला नव्हता. आता नियम असा की पक्का आवाज आला की सगळं पुन्हा नव्याने मोजायचं. जुन्या वेळा विसरायच्या. हा नियम ग्वेननेच या गावातल्या निम्म्या संकलकांना शिकवलेला. आणि तिनेच तो मोडला. फर्गसची वाक्यं तिने तोडली. क्लेम जिथे तोडत होता तिथेच. तुकडे त्याच जागी ठेवले. चित्रांच्या वेळा एका फ्रेमनेही हलवल्या नाहीत.

लोसाने ते पाहिलं आणि बराच वेळ खुर्ची डावीउजवीकडे फिरवत राहिली.

"आंटी, थोडं... पोकळ वाटतंय का?"

"कुठे?"

"बर्ट बोलतो तिथे. तो थांबतो, पण कशाला थांबतो कळत नाही."

"म्हातारा आहे. म्हातारी माणसं थांबतात."

दुसऱ्या कुणी असं अॅनिमॅटिक आणलं असतं तर ग्वेननेच त्याला उभा चिरला असता. पण आपला तो बाब्या. ग्वेनला पोकळ वाटलं होतं, ऐकताक्षणीच वाटलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिने सोयीचा लावला. इथे काहीतरी कमी आहे, ती मनाशी म्हणाली. जास्त आहे असं नाही म्हणाली. आणि जे कमी होतं ते तिच्यापाशी होतं.

तिने क्लेमचा कच्चा आवाज उघडला. शब्द बाजूला काढले आणि शब्दांमधले श्वास तेवढे वेचले. आत ओढलेला, अडकलेला, शिट्टीसारखा सुटलेला. मागे ऑक्सिजनची बारीक सूंसूं. एकेक उचलून तिने फर्गसच्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत ठेवला. बरोब्बर बसला. बसणारच, ती जागा त्याच मापाची होती. ग्वेनने सुरुवातीपासून चालवून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. बर्ट जिवंत झाला होता. खरं म्हणजे बर्टशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

लोसाने ऐकलं. तिला कळलं तो श्वास कुणाचा ते. तिने मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, "शाळेत नेऊन बघू या का?" ही मुलगी भ्याली होती असं कुणी म्हणेल. विधवा बाईला तोंडावर कसं सांगायचं, की तुझा नवरा माझ्या सिनेमात घोरतोय? तिने ते काम पोरांवर सोपवलं. मला विचाराल तर शहाणपणाचं केलं.

दुसरीचा वर्ग होता. सेलाम नावाची इथियोपियाची बाई त्यांना शिकवायची. ग्वेनला पाहताच तिने हात हातात धरला, क्लेमचं विचारलं नाही. दिवे मालवले. ग्वेन नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

शिंक आली, कवळी पाण्यात पडली, पोरं खिदळली. पेलिकनने दात उचलले, पोरं ओरडली. मग बर्ट बोलायला लागला. "अरे चोरा..." आणि श्वास. मागच्या रांगेतला एक मुलगा मांडी बदलून बसला. "ते दात माझे आहेत." श्वास. दोन मुली एकमेकींच्या वेण्या बघायला लागल्या. "तुला एवढी चोच दिलीय देवाने..." आणि तो लांबलचक श्वास, ग्वेनने शेवटच्या महिन्यात उशाशी बसून मोजलेला. पुढच्या रांगेत एका पोराने आपल्या बुटाचा बंद सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. कुणी सतरंजीचे धागे उपटत होतं. सगळी खोली खालून हलत होती. दातांच्या विनोदाला एकजणही हसला नाही. तो येईपर्यंत पोरं दुसरीकडे निघून गेली होती.

ग्वेनने आयुष्यभर असल्या चुळबुळीवर लोकांचे लाडके प्रसंग कापले होते. ती डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली. तिच्या मागे क्लेम श्वास घेत होता आणि समोर त्याचा पोरांना कंटाळा येत होता.

गाडीत लोसा म्हणाली, "आंटी, मी दुसऱ्या कुणाला सांगू का? आपल्या स्टुडिओतला नीरव आहे, तो करील. तुम्ही नका करू."

"दुसरा कुणी हात लावील तर बोटं तोडीन त्याची."

"मग राहू दे तसंच. खरंच. माझा सिनेमा आहे, मी म्हणते राहू दे."

"आणि पोरं हसली नाहीत तर क्लेमचं काय?" ग्वेन ओरडली. "शेवटचं काम आहे त्याचं. पोरं बुटाचे बंद बांधत होती त्याच्या कामावर! बुटाचे बंद!" मग ती रडायला लागली. चर्चमध्ये नाही, घरी नाही, तर इथे, सिग्नलला थांबलेल्या गाडीत, शेजारच्या ट्राममधले लोक बघत असताना. लोसाने गाडी कडेला घेतली आणि दोघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वेनने आवाज पार बंद केला आणि नुसती चित्रं चालवली. हे ती नवशिक्यांना सांगायची. आवाज फसवतो, चित्र फसवत नाही. आवाज गेल्यावर तिला दिसलं ते असं. बर्ट बोलताना थांबतो तिथे क्लेमने थांबणं काढलेलंच नव्हतं. एकच चित्र, उघडं तोंड, आणि ग्वेनने ते ताणून ठेवलेलं. ज्याला थांबायचं आहे अशा माणसाचं ते चित्रच नव्हतं. बर्ट पुढे झुकलेला, टाच उचललेली, हात फेकलेला. पुढच्या चित्रात तो धक्क्याच्या कडेला पोचलेला. हा म्हातारा धावत होता. आणि जिथे खरंच थांबायला हवं होतं, पेलिकन चोरलेली कवळी चोचीत बसवून हसतो तिथे, क्लेमने तीन चित्रं काढली होती. पेलिकन बर्टकडे बघतो. पेलिकन आपल्याकडे बघतो. मग दात दाखवतो. थांबा कुठे आणि पळा कुठे, सगळं कागदावर होतं. हात धावत होता त्याचा, छाती धावत नव्हती. आणि जिने जन्मभर त्याच्या हातावर वेळ लावली, तिने या एका खेपेला छातीवर लावली होती.

मग तिने कापायला घेतलं. पहिला श्वास निवडला आणि खोडला. मागचं सगळं पुढे सरकलं आणि जागा मिटली. दुसरा. चौथा तिने आवाज लावून एकदा ऐकला, मग खोडला. त्यानंतर ऐकणं सोडून दिलं. हॉस्पिटलात तिने एकेक श्वासासाठी जीव टांगणीला लावला होता, आणि इथे स्वतःच्या बोटाने एकेक काढून टाकत होती. पेलिकनच्या तीन चित्रांना तिने उलट वेळ वाढवून दिला. फर्गसची तोडलेली वाक्यं पुन्हा सांधली. आता त्याचा बर्ट एका दमात भांडत होता.

काम झाल्यावर तिने लोसाला बोलावलं. लोसाने पाहिलं, आणि पेलिकन हसला तिथे ती खुर्चीतून पुढे येऊन मोठ्याने हसली. हसू आवरल्यावर घाबरून ग्वेनकडे बघायला लागली.

"हस गं," ग्वेन म्हणाली. "त्यासाठीच काढलंय त्याने."

"तुकडे ठेवलेत ना कुठे? श्वासाचे?"

"कच्चा आवाज आहे तुझ्या कपाटातल्या रेकॉर्डिंगच्या फाइलींत. त्याला कोण हात लावतंय? पण तो सिनेमा नव्हे." खुर्ची मागे सारत ती म्हणाली, "तो माझा नवरा होता."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच शाळा, तोच वर्ग. आधी पाहिलेल्यांना दुसऱ्यांदा दाखवू नये, हाही ग्वेनचाच नियम, पण सेलामचाच वर्ग मोकळा होता आणि स्टुडिओत अॅनिमेशनवाले हात बांधून बसले होते. ग्वेन पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

या खेपेला कुणी बूट पाहिले नाहीत. बर्ट बोलायला लागला तशी पोरं पुढे झुकली, "चोच दिलीय देवाने, दात कशाला हवेत?" ला फस्सकन हसली, आणि पेलिकनने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा सगळी खोली चिडीचूप झाली. एकही ढुंगण हललं नाही. मग पेलिकनने दात दाखवले. असा हशा उठला की शेजारच्या वर्गातली बाई दारात येऊन बघायला लागली. एक पोरगा आडवाच पडला. सेलाम डोळे पुसत होती. लोसाने मागून दोन्ही अंगठे वर केले. ग्वेन पोरांकडे बघत उभी होती आणि तिच्या मागे क्लेमचा सिनेमा धावत होता, हलका, झरझर. त्यात कुठेही क्लेमला श्वास घ्यावा लागत नव्हता.

दिवे लागले. ग्वेन वायरी गुंडाळत होती तेव्हा हिवोत नावाची एक बारीक मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मिस, मागच्या वेळी तो म्हातारा आजारी होता ना?"

ग्वेनच्या हातातली वायर थांबली. "तुला कसं कळलं?"

"माझ्या आजोबांना असाच श्वास लागायचा." मुलीने पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे आता काही नव्हतं. "पण आता तो बरा झाला. किती छान पळतो!"

ग्वेन खाली बसली, त्या मुलीच्या उंचीला आली. मुलगी वाट बघत उभी राहिली.

"हो," ग्वेन म्हणाली. "झाला बरा."

"चांगलं झालं," मुलगी म्हणाली आणि डबा खायला पळाली. लोसा येऊन हाताला धरून उठवेपर्यंत ग्वेन तशीच सतरंजीवर बसून होती.